बुडीत कोण, संशयित किती?

मार्चअखेर जवळ आली की छोट्या कारखानदाराच्या टेबलावर येणेकऱ्यांची यादी येते. हिशेबनीस ती छापून आणतो, मालक वरून खाली नजर फिरवतो आणि दरवर्षी एका नावापाशी थांबून म्हणतो, "राहू दे, देईल कधीतरी." त्या नावापुढची रक्कम चार वर्षांत रुपयानेही हललेली नसते. गिऱ्हाइकाचा फोन लागत नाही, त्याच्या गाळ्यावर दुसऱ्याच कुणाचा बोर्ड लागलेला असतो. तरी ताळेबंदात ती रक्कम मालमत्तेच्या बाजूला मांडी घालून बसलेली असते.

ही नुसती भाबडी आशा असती तर फारसं बिघडलं नसतं. पण उधारीचा माल फाटकाबाहेर पडतो त्याच दिवशी पुस्तकात विक्री नोंदली जाते. त्या विक्रीचा नफा त्याच वर्षात मोजला जातो आणि त्यावर आयकर भरला जातो. जीएसटी तर पुढच्याच महिन्यात सरकारजमा होतो. म्हणजे जे पैसे हातात आलेच नाहीत, त्यांच्यावरचे दोन कर मालकाने खिशातून भरलेले असतात. ते नाव यादीत तसंच ठेवलं तर निदान आयकराची जी सूट मिळू शकते, तीही तो घेत नाही.

यावर हिशेबशास्त्राने दोन वेगळे उपाय दिलेत आणि बहुतेकांची गल्लत नेमकी इथे होते. पहिला उपाय म्हणजे बुडीत कर्ज खर्ची टाकणं, बोलीभाषेत 'राइट ऑफ'. हा एका ठरावीक गिऱ्हाइकाबद्दलचा निर्णय असतो: याच्याकडून आता काही येणार नाही. दुसरा उपाय म्हणजे तरतूद. बारावी कॉमर्सला 'आरडीडी' घोकलेल्यांना 'संशयित बुडीत कर्ज निधी' हे नाव आठवेल. इथे कोण बुडवणार हे माहीत नसतं, पण इतक्या येण्यांपैकी काही बुडणार हे अनुभवाने माहीत असतं, म्हणून तेवढी रक्कम नफ्यातून आधीच बाजूला काढायची. 'निधी' या शब्दामुळे कुठेतरी पैसे साठवून ठेवले आहेत असं वाटतं. तसं काही नसतं. बँकेत एक रुपयाही हलत नाही, फक्त येण्याची किंमत कागदावर खरी केली जाते.

उदाहरणासाठी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतला एक छोटा कारखाना धरू. पंप बनवणाऱ्यांना मशिनिंग केलेले लोखंडी सुटे भाग पुरवणारा. कारखाना आणि आकडे मी रचलेले आहेत, पण असे हिशेब त्या भागात कुठेही सापडतील. मालक पूर्ण पुस्तकं ठेवतो आणि त्यांच्यावरच कर भरतो. ३१ मार्च २०२५ रोजी त्याचं एकूण येणं १९,१८,००० रुपये आहे. त्यातलं एक बिल १२ सप्टेंबर २०२३ चं: माल एक लाखाचा, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १,१८,०००. उधारी ४५ दिवसांची ठरली होती. आता दीड वर्ष झालं.

हे बिल बुडालं असं म्हणायचं कशावरून? पुष्कळदा गिऱ्हाईक 'नाही देत' असं तोंडाने म्हणत नाही. आधी चेकची जागा 'या आठवड्यात टाकतो' घेतं. मग बिलाच्या रकमेशी न जुळणारे दहा-दहा हजार 'ऑन अकाउंट' येऊ लागतात. मग अचानक, सहा महिन्यांपूर्वीच्या मालात खोट असल्याची तक्रार येते. आणि शेवटी शांतता. मला स्वतःला सगळ्यात बोलका पुरावा वाटतो तो जीएसटीच्या पोर्टलवरचा. कुणाचाही जीएसटी क्रमांक तिथे टाकला की नोंदणी चालू आहे, स्थगित आहे की रद्द झाली आहे ते फुकट दिसतं, आणि शेवटचं विवरणपत्र कोणत्या महिन्याचं भरलं तेही. आपल्या उदाहरणातल्या पंपवाल्याची नोंदणी रद्द दिसते आणि त्याआधीचे कित्येक महिने विवरणपत्रं कोरी. नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली ती 'गाळा बंद' शेऱ्यासह परत आली. पोर्टलच्या पानाचा प्रिंट, परत आलेलं पाकीट आणि मालकाच्या सहीची चार ओळींची टीप एका फाइलमध्ये लावली की निर्णयाला आधार झाला.

नोंद अगदी साधी. जर्नलमध्ये बुडीत कर्ज खाते नावे १,१८,००० आणि पंपवाल्याचं खाते जमा १,१८,०००. त्याचं खातं शून्य झालं, आणि वर्षअखेरीला बुडीत कर्ज खात्याची रक्कम नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून गेली.

इथे एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यापाशी थांबायला हवं. हिशेबनिसाला गिऱ्हाइकाचं खातं शून्य करायचं असतं, म्हणून तो क्रेडिट नोट बनवतो. टॅलीत तेच सोपं वाटतं. पण क्रेडिट नोटचा अर्थ असा की माल परत आला, किंवा माल खराब निघाला, किंवा बिलात जादा किंमत लागली होती. म्हणजे विक्रीच कमी झाली. पैसे मिळाले नाहीत म्हणून विक्री कमी होत नाही. त्या क्रेडिट नोटवर जीएसटीही वजा करून घेतला असेल तर तो कर पुढे व्याजासकट भरावा लागण्याची पाळी येते. शिवाय उद्या वसुलीचा दावा लावायचा ठरलं, तर समोरचा वकील तीच नोट दाखवून म्हणेल की तुम्हीच रक्कम सोडून दिलीत. राइट ऑफ हा आपल्या घरातला कागद आहे, तो जर्नलमध्येच राहावा आणि गिऱ्हाइकाला कळवूही नये.

जीएसटीचे १८,००० मग गेले ते गेलेच. ब्रिटनमध्ये व्यापाऱ्याला सहा महिन्यांनंतर, काही अटी पाळून, बुडीत बिलावरचा व्हॅट परत मागता येतो. आपल्या जीएसटी कायद्यात अशी सोय नाही. उलट, खरेदीदाराने १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याने घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं, असा नियम आहे. म्हणजे कायद्याप्रमाणे सगळं झालं तर विकणाऱ्याचा कर सरकारकडे राहतो आणि घेणाऱ्याचं क्रेडिटही सरकारकडे परत येतं. छोट्या उद्योजकांच्या संघटनांनी यावर आवाज उठवायला हवा असं मला वाटतं. पण तोवर हिशेब करताना नुकसान एक लाखाचं नाही, १,१८,००० चंच आहे.

ते एक नाव काढल्यावर यादीत १८,००,००० उरले. तरतूद या उरलेल्या रकमेवर करायची. आधी बुडीत वजा, मग उरलेल्यावर तरतूद, हा क्रम उलटा केला की एकाच बुडीत रकमेवर दोनदा खर्च पडतो.

किती तरतूद करायची? बाजारात सरसकट पाच टक्के लावायची प्रथा आहे. कुणी लावले, कधी लावले, विचारलं तर "आधीपासूनच तसं आहे" असं उत्तर येतं. अठरा लाखांवर पाच टक्के म्हणजे ९०,०००. आकडा वाईट नाही, पण आंधळा आहे. गेल्या महिन्यात गेलेलं बिल आणि चौदा महिने पडून असलेलं बिल त्याला सारखंच दिसतं. त्यापेक्षा येण्याचं वय बघावं. आपल्या कारखान्याचे अठरा लाख वयाप्रमाणे असे पडतात: नव्वद दिवसांच्या आतले १२ लाख, तिथून सहा महिन्यांपर्यंतचे साडेतीन लाख, सहा महिने ते वर्षभराचे दीड लाख, आणि वर्ष उलटलेले एक लाख.

प्रत्येक गटाचा दर स्वतःच्या जुन्या वह्यांतूनच काढायचा, दुसऱ्याचा उसना घ्यायचा नाही. या मालकाने मागची पाच वर्षं चाळली. त्या काळात वर्षाची रेघ ओलांडलेली बिलं एकूण सहा लाखांची होती, त्यातले तीन लाख कधीच आले नाहीत. म्हणून त्या गटाला ५० टक्के. अशाच रीतीने सहा महिने ते वर्ष या गटाला २० टक्के, त्याआधीच्या गटाला ५ आणि ताज्या बिलांना १ टक्का निघाला. गुणाकार केले की १२,०००, १७,५००, ३०,००० आणि ५०,००० मिळतात. बेरीज १,०९,५००. नोंद नफा-तोटा खाते नावे, संशयित बुडीत कर्ज निधी जमा. ताळेबंदात येणं १८,००,०००, वजा निधी १,०९,५००, निव्वळ १६,९०,५०० असं दिसतं. कुणाही गिऱ्हाइकाच्या खात्याला हात लागलेला नाही, प्रत्येकाकडचं येणं पूर्वीइतकंच उभं आहे.

जवळजवळ निम्मी तरतूद फक्त एक लाखाच्या गटाने खाल्ली आहे. सरसकट पाच टक्क्यांनी त्या गटाच्या वाट्याला पाच हजारच आले असते. धोका कुठे साचलाय हे मालकाला याच मांडणीतून दिसतं.

मात्र वयाची ही यादी बिलवार हिशेब ठेवला असेल तरच खरी. पन्नास हजार आले आणि हिशेबनिसाने ते कोणत्या बिलापोटी आले हे न पाहता नुसते 'ऑन अकाउंट' जमा केले, की जुनी बिलं भरलेली असूनही थकलेली दिसतात. याच्या उलट, आलेला प्रत्येक पैसा आपोआप सगळ्यात जुन्या बिलाला लावत गेलं तर वादातलं बिल ताज्या बिलांच्या आड लपतं. काही मुरलेली गिऱ्हाइकं याचाच फायदा घेतात. नवीन माल हवा असला की थोडे पैसे टाकायचे आणि त्याहून जास्त माल उचलायचा. वयाच्या यादीत ते नाव कायम ताजं, पण दर तीन महिन्यांनी त्याची एकूण बाकी वाढलेली. म्हणून वयाच्या यादीशेजारी प्रत्येकाची मागच्या वर्षीची बाकी लिहावी, ते नाव लगेच डोळ्यात भरतं.

आता आयकर. इथे दोन्ही उपायांच्या वाटा फुटतात. बुडीत कर्ज पुस्तकात प्रत्यक्ष खर्ची टाकलं की १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३६ खाली त्याची सूट मिळते. पूर्वी कर्ज खरोखर बुडालं हे अधिकाऱ्यापुढे सिद्ध करावं लागे आणि 'अजून वसूल झालं असतं', 'हे त्याच वर्षी बुडालं कशावरून' असे वाद वर्षानुवर्षं चालत. १ एप्रिल १९८९ पासून कायदा बदलला, आणि २०१० साली टीआरएफ लिमिटेडच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पुस्तकात कर्ज वसूल न होणारं म्हणून खर्ची टाकलेलं असलं की पुरे. मग वरची फाइल कशाला, असं कुणी विचारेल. उद्या खर्ची टाकलेलं नाव मालकाच्या मेहुण्याचंच निघालं तर अधिकारी प्रश्न विचारणारच, आणि त्या वेळी तोंडी उत्तर अपुरं पडतं.

एक अट मात्र पक्की आहे. ती रक्कम आधी कधीतरी उत्पन्न म्हणून मोजलेली असली पाहिजे. आपल्या बिलातले एक लाख २०२३-२४ च्या विक्रीत होते, त्यामुळे अडचण नाही. जीएसटीचे १८,००० बहुतेक जण विक्रीत धरत नाहीत. त्या भागाची सूट बुडीत कर्ज म्हणून नव्हे, तर धंद्यातला तोटा म्हणून मागावी लागते, आणि तिथे वादाला जागा राहते. हे आपल्या सीएशी आधीच बोलून घ्यावं. मित्राला हातउसने दिलेले पन्नास हजार बुडाले तर ते याच अटीत अडकतात, कारण ते कधी धंद्याचं उत्पन्न नव्हतेच. आणि जो डॉक्टर किंवा वकील पैसे हातात आल्यावरच उत्पन्न मोजतो, त्याच्या न आलेल्या फीचा सुटीशी संबंध नाही, कारण त्या फीवर त्याने कर भरलेलाच नसतो.

तरतुदीला आयकराची सूट नाही. बँकांना वेगळे नियम आहेत, कारखानदाराला नाहीत. आपल्या मालकाचा या दोन खर्चांआधीचा नफा नऊ लाख धरला तर पुस्तकात तो ६,७२,५०० उरतो. पण कर मोजताना तरतुदीचे १,०९,५०० परत मिळवायचे, म्हणजे कराच्या हिशेबाने नफा ७,८२,०००. 'सूटच नाही तर तरतूद करायची कशाला?' असं म्हणून छोटे धंदे ती करतच नाहीत. पण पुस्तकं फक्त आयकरवाल्यासाठी असतात का? दोन भाऊ भागीदारी मोडत असतील, आणि एकाने येणी पूर्ण किमतीला धरून आपला हिस्सा घेतला, तर बुडणाऱ्या बिलांचा सगळा भार धंद्यात मागे राहणाऱ्या भावावर पडतो. नफा पाहून मालक घरखर्चाला किती उचल घेतो, तेही याच आकड्यावर ठरतं.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण खर्ची टाकलेल्याला सूट आणि नुसत्या तरतुदीला नाही, हा फरक तसाच आहे. जे व्यापारी उलाढालीच्या सहा किंवा आठ टक्के नफा ठोकळ्याने दाखवतात, त्यांना मात्र बुडीत कर्ज वेगळं मागता येत नाही. त्या ठोकळ्यात सगळे खर्च आलेच, असं कायदा मानतो. ज्याची उधारी बुडण्याचं प्रमाण मोठं आहे, त्याने त्या योजनेत जाण्याआधी हा हिशेब करून पाहावा.

पुढच्या वर्षी काय होतं पाहू, कारण निधीची खरी कळ तिथेच आहे. २०२५-२६ मध्ये वर्ष उलटलेल्या त्या एक लाखातले ४०,००० खरोखर बुडाले. गिऱ्हाइकाचं खातं जमा करायचं, पण हा खर्च नव्या नफ्यावर न टाकता निधीतून वळता करायचा. १,०९,५०० चा निधी ६९,५०० वर आला. ३१ मार्च २०२६ ला वयाची यादी पुन्हा मांडली, तेव्हा गरज ९५,००० ची निघाली. म्हणून नफ्यातून फक्त २५,५०० ची भर. जुना निधी विसरून पूर्ण ९५,००० पुन्हा खर्ची टाकणं ही परीक्षेतली चूक प्रत्यक्षातही होते. आणि गरज ६०,००० चीच निघाली असती, तर जादा झालेले ९,५०० परत नफ्यात येतील. आयकरात या वर्षी सूट मागायची ती ४०,००० ची, २५,५०० ची नाही. त्यामुळे निधीचा हिशेब एका वेगळ्या पानावर दरवर्षी पुढे ओढत न्यावा. नाहीतर चार वर्षांनी कोणते पैसे करात आधी मिळवले होते आणि कोणते नाहीत हे कुणालाच सांगता येत नाही.

नाव यादीत राखून ठेवण्यामागे आणखी एक कारण असतं, ते मोठ्याने बोललं जात नाही. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा. दर महिन्याला साठा आणि येण्यांचं पत्रक बँकेला द्यायचं आणि त्यावर उचल ठरते. येणं कमी दाखवलं तर उचल कमी होईल ही भीती. पण बहुतेक बँका नव्वद दिवसांपलीकडचं येणं उचलीसाठी धरतच नाहीत. दीड वर्ष जुनं नाव तिथे आधीच शून्य किमतीचं आहे. ते ताज्या तारखेचं करून दाखवलं, तर मात्र प्रकरण हिशेबाच्या चुकीचं राहत नाही, बँकेची दिशाभूल ठरते.

खर्ची टाकलं म्हणजे हक्क सोडला असं नाही. मुदतीचा कायदा वसुलीच्या दाव्याला तीन वर्षं देतो. १२ सप्टेंबर २०२३ च्या बिलावर ४५ दिवसांची उधारी ठरलेली होती, ती २७ ऑक्टोबर २०२३ ला संपली. म्हणून २७ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दावा लावता येतो. त्याआधी गिऱ्हाइकाने सहीनिशी बाकी कबूल केली, किंवा चेकने काही रक्कम दिली, तर तीन वर्षं तिथून पुन्हा मोजली जातात. वर्षअखेरीला बाकी पडताळणीचं पत्र पाठवून त्यावर सही घ्यायची रीत याच कारणासाठी सांभाळायची, आणि तीही गिऱ्हाईक फोन उचलत असतानाच. उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक ४५ दिवसांपलीकडच्या थकबाकीसाठी राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाऊ शकतो, तिथे व्याजही भारी लागतं. निव्वळ व्यापाऱ्याला तो दरवाजा बंद आहे.

समजा, दोन वर्षांनी पंपवाल्याने मशिनं विकली आणि ३०,००० पाठवले. हिशेबनीस सवयीने ते त्याच्या जुन्या खात्यावर जमा करतो. ते खातं आधीच शून्य असल्याने तिथे तीस हजारांची जमा बाकी दिसू लागते, जणू त्याने नव्या मालासाठी आगाऊ दिले आहेत. येणेकऱ्यांच्या यादीत बंद पडलेल्या गिऱ्हाइकाच्या नावापुढे जमा बाकी दिसली, की ही गफलत झाली असं समजावं. ते पैसे 'बुडीत कर्ज वसुली' या खात्यात जायला हवेत. सूट आधी घेतलेली आहे, म्हणून ज्या वर्षी पैसे आले त्या वर्षी त्यांच्यावर कर लागतो. खर्ची टाकलेल्या नावांची एक वेगळी यादी ठेवली असली, कोणत्या वर्षी किती टाकलं आणि त्यातल्या कितीची सूट घेतली यासह, तर हे तीस हजार कुठे बसवायचे हे नव्या हिशेबनिसालाही कळतं.